लिननच्या शर्टाच्या चुण्या एडिटमध्ये टिकवायच्या कशा? लिहून काय सांगायचं?

भाट्येकर
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आमचं उन्हाळी शर्टांचं छोटं काम आहे. लिनन आणि सुती, दोन्ही. फोटो आम्हीच काढतो, बहुतेक भाट्याच्या किनाऱ्यावर, आणि एडिटला पुण्याच्या एका मुलाकडे पाठवतो. हात चांगला आहे त्याचा, पण प्रत्येक शर्ट परत येतो तो परीटघडीचा. जणू माणूस इस्त्रीच्या टेबलावरून थेट वाळूत उतरला. 'नैसर्गिक चुण्या ठेव' असं लिहिलं, तर त्याने पोटावर तीन आडव्या रेघा ओढून पाठवल्या. तिन्ही एकाच जाडीच्या, एकाच अंतरावर. 'थोडा वापरलेला वाटू दे' म्हटलं तर शर्ट मळकट झाला.

प्रश्न एवढाच, की अंगात घालून दोन-चार तास झालेला शर्ट शब्दांत कसा सांगायचा, म्हणजे समोरच्याला तो नेमका कळेल? फोनवर समजावलेलं पुढच्या खेपेला विसरलं जातं, म्हणून लेखी हवं आहे.

वेंगुर्ल्याची_सुमन
सोपं आहे. शर्ट वाळत घालतानाच दोन्ही हातांनी खसकन झटकायचा आणि खांद्याला चिमटे न लावता खालच्या कडेला लावायचे. निम्म्या सुरकुत्या तिथेच जातात. उरलेल्यांवर पाणी शिंपडून, ओलसर असतानाच इस्त्री.

धोबीघाट
सुमनताई, ह्यांना सुरकुत्या घालवायच्या नाहीयेत, आणायच्या आहेत. 😀

वेंगुर्ल्याची_सुमन
आणायच्या? मगे विचारतास कित्याक? चुरगळलेलो शर्ट बघूचो आसात तर आमच्या घोवाचो बघा. फुकट फोटो पाठवतंय.

रीटच_राव
सुमनताईंच्या घरच्या शर्टाचा फोटो खरंच पाठवा, मी चेष्टेत म्हणत नाहीये. एडिट करणाऱ्यासमोर खऱ्या चुरगळलेल्या शर्टाचा फोटो असला की निम्मं काम होतं.

भाट्येकर, 'नैसर्गिक', 'वापरलेला', 'सहज' हे शब्द चिठ्ठीतून काढून टाका. ते तुमच्या मनातली भावना सांगतात. कापडाचं काय झालं ते सांगत नाहीत. चुणी म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची खूण. माणूस गाडीत बसून आला, बाह्या वर सारल्या, खांद्यावर पिशवी होती, एक हात मोबाइल धरून वाकलेला होता, हे लिहा. मग एडिट करणारा स्वतःशी विचार करतो की कापड कुठे दबलं असेल आणि कुठे मोकळं राहिलं असेल. 'पोटावर चुण्या' एवढंच लिहिलंत तर तो रेघाच ओढणार. दुसरं काय करेल?

फोटोचं जरा वर्णन करा. ऊन कुठून, माणूस कसा उभा, शर्ट कुठला. त्यावरच बोलू.

भाट्येकर
घ्या. मोतिया रंगाचा लिनन, पूर्ण बाह्या, कोपराच्या खाली दोन घड्या घालून दुमडलेल्या. शर्ट बाहेर सोडलेला. डाव्या छातीवर एक खिसा. माणूस किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून उभा, कॅमेरा त्याच्या समोर. संध्याकाळ, सूर्य समुद्रावर बराच खाली आलेला. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, 'ऊन डावीकडून येतंय, चुण्यांच्या सावल्या उजवीकडे पडू दे.'

सुई_दोरा
डावीकडून म्हणजे कोणाच्या डावीकडून? तो उत्तरेला तोंड करून उभा असेल तर समुद्र त्याच्या डाव्या हाताला. पण फोटो बघणाऱ्याला ऊन उजवीकडून येताना दिसणार.

रीटच_राव
बरोबर पकडलंत. हा घोळ रोज होतो. 'खिशाची बाजू' आणि 'खिशाविरुद्धची बाजू' असं लिहा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. ह्या फोटोत ऊन खिशाच्या बाजूने आहे. म्हणजे प्रत्येक चुणीची खिशाकडची कड उजळ आणि उलट बाजूला सावली. एक चुणी जरी उलटी निघाली तरी बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

आता त्या तीन आडव्या रेघा. त्या खोट्या का दिसतात याचं मोठं कारण एकसारखेपणा नाही, ऊन आहे. चुणी दिसते ती प्रकाश तिला ओलांडून पलीकडे जातो तेव्हा. सूर्य खाली आणि बाजूला असताना प्रकाश शर्टावर आडवा घसरत जातो, म्हणजे पोटावरच्या आडव्या चुणीला समांतर. त्यामुळे ती जवळपास पुसली जाते. उभ्या आणि तिरक्या चुण्या मात्र ठळक होतात. हेच दुपारी बाराला, डोक्यावर ऊन असताना उलटं: आडव्या चुण्या उठतात, उभ्या फिक्या पडतात. तुमच्या मुलाने संध्याकाळच्या फोटोत दुपारच्या चुण्या काढल्या.

अर्धवट_अभियंता
पण एवढं कशाला करायचं? कोकणातली हवाच इतकी दमट असते की चुण्या आपोआप सुटतात. बाथरूमच्या वाफेत शर्ट टांगला की सुरकुत्या जातात, तसंच. म्हणजे किनाऱ्यावर कमी चुण्या दाखवणं हेच खरं.

कापूसकोंडा
अर्धं बरोबर आहे. कापूस काय आणि लिनन काय, दोन्ही सेल्युलोज. आतल्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि पाणी शिरलं की ते बंध सैल होतात. मग कापड ज्या स्थितीत सुकेल त्या स्थितीत बंध पुन्हा जुळतात. टांगलेला शर्ट स्वतःच्या वजनाने सरळ होऊन सुकतो, म्हणून चुण्या जातात. पण माणूस घामाने ओला होऊन गाडीच्या सीटला टेकून बसला असेल, तर पाठ आणि पोट दबलेल्या स्थितीतच सुकतात. तिथे चुणी पक्की बसते. इस्त्रीही हेच करते, फक्त मुद्दाम आणि सपाट.

म्हणजे चिठ्ठीच्या दृष्टीने: जिथे कापड अंगाला किंवा सीटला दाबलं गेलं तिथे चुण्या स्पष्ट, आणि जिथे लोंबत होतं तिथे ढिल्या.

अर्धवट_अभियंता
तरी माझ्या अनुभवात मालवणला शर्ट कमी चुरगळतो आणि पुण्यात जास्त.

कापूसकोंडा
पुण्यात तुम्ही ऑफिसात बसता, मालवणला बंदरावर फिरता. हवेपेक्षा खुर्चीचा दोष जास्त असेल.

धोबीघाट
खुर्चीला दोष देऊ नका हो, काही लोकांचं सगळं करिअर तिच्यावर उभं आहे.

सुई_दोरा
मी शिवणकाम करते, चिपळूणला. शर्ट कुठे चुरगळत नाही हे आधी लिहा असं मी सांगेन. एडिट करणारी मुलं एकदा चुण्या घालायला लागली की सगळीकडे घालतात.

कॉलरमध्ये आणि कफमध्ये आत कॅनव्हास असतो. तिथे बारीक सुरकुत्या पडतच नाहीत. फार तर कॉलरचं टोक जरा वाकतं, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसते. खांद्यावरचा जोड दुहेरी कापडाचा असतो आणि अंगाच्या आकाराने ताणलेला राहतो, तोही सपाट. खिशाखाली दोन थर होतात, त्यामुळे छातीवरून येणारी चुणी खिशाच्या शिवणीपाशी थांबते किंवा वळसा घेते. आरपार जात नाही. आणि बटणपट्टी. ती जाड, म्हणून बसल्यावर तिला बारीक रेघा न पडता दोन बटणांच्या मधे एकच मोठा बाक येतो. उभं राहिलं तरी तो बाक थोडा राहतो, पट्टी तिथे किंचित पुढे आलेली दिसते. हा बाक नसेल आणि आजूबाजूला चुण्या असतील, तर मला तरी तो शर्ट खोटा वाटतो.

रीटच_राव
हे सोनं आहे. बटणपट्टीचा बाक मी स्वतः कधी शब्दांत लिहिला नव्हता, नुसता काढत आलो.

गुहागरी_मासा
विषय निघालाच आहे तर, माझ्या काळ्या लिननच्या कुर्त्यावर इस्त्रीने चकाकी आली आहे. ती जाईल का?

सुई_दोरा
उलट बाजूने इस्त्री करत जा, किंवा वर ओलं सुती फडकं ठेवून. आलेली चकाकी वाफेने थोडी कमी होते, पूर्ण जाईलच असं नाही. वेगळा धागा काढा, इथे शर्टवाल्यांचं चाललंय.

भाट्येकर
लिनन आणि सुती यांच्यासाठी एकच चिठ्ठी चालेल का? आमचा एक शर्ट मलमलचा आहे, एक चौकड्याचा जाड सुती.

कापूसकोंडा
नाही चालणार. लिनन जवसाच्या खोडाच्या तंतूंपासून बनतं आणि तो तंतू जवळजवळ ताणलाच जात नाही. तुटेपर्यंत जेमतेम दोन-तीन टक्के. कापूस साधारण त्याच्या दुपटीहून जास्त ताणला जातो. त्यामुळे लिनन वाकत नाही, मोडतं. चुणीची धार टोकदार राहते आणि दोन धारांच्या मधे सपाट पृष्ठ दिसतं, हातात चुरगळून पुन्हा उघडलेल्या कागदासारखं. चुण्या संख्येने कमी, पण मोठ्या आणि कोनदार.

मलमलमध्ये उभी राहणारी धारच नसते. बारीक, उथळ, सगळीकडे पसरलेलं चुरगळलेपण असतं आणि कापड अंगाला चिकटून त्याच्यासारखं होतं. जाड सुती असेल तर चुण्या गोलसर, कडा मऊ. मलमलवर लिननच्या धारा दिल्यात तर ते प्लास्टिकच्या पिशवीसारखं दिसेल.

रीटच_राव
चौकड्याच्या शर्टाला एक जादा ओळ लागते. चुणीवरून जाताना चौकडीची रेघ वाकली पाहिजे, आणि घडी खोल असेल तर रेघेचा तुकडा आत जाऊन गायब झाला पाहिजे. चुणी फक्त सावलीने रंगवली आणि रेघ सरळच राहिली, की कपड्यावर डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून चौकड्याच्या शर्टावर नवीन चुणी घालायला मी शक्यतो नाहीच म्हणतो. फोटोत आहे ती सांभाळा.

लिननमध्ये हीच परीक्षा धाग्यातल्या गाठींची. जाड-बारीक सूत चुणीच्या आत जाऊन पलीकडे पुन्हा निघालं पाहिजे. बरेच जण चुण्या कमी करताना सावलीचा थर धुसर करतात, वरचा पोत तसाच ठेवतात. पोत राहतो, पण कापडाखालचा उंचसखलपणा जातो. तुमचा शर्ट इस्त्रीचा दिसतो तो बहुधा यामुळेच. त्याला सांगा, 'सावलीचा थर छाती-पोटावर धुसर करू नकोस.'

भाट्येकर
हे त्याला विचारलं. तो म्हणाला, त्वचेसाठी जे करतो तेच शर्टावर सवयीने जातं.

रीटच_राव
मग रोग सापडला. मी ह्या फोटोसाठी चिठ्ठी लिहिली तर अशी लिहीन:

"मोतिया लिननचा शर्ट, सकाळी इस्त्री करून घातलेला, आता संध्याकाळ. माणूस मुंबईहून स्वतः गाडी चालवत आला आहे. सीट बेल्टमुळे त्याच्या उजव्या खांद्यापासून, म्हणजे खिशाविरुद्धच्या खांद्यापासून, खिशाच्या बाजूच्या कमरेकडे एक रुंद, उथळ तिरका पट्टा दबलेला आहे. रेघ नव्हे, पट्टा. त्याच्या कडेने दोन-तीन छोट्या चुण्या. पोटाच्या खालच्या भागात बसल्याच्या चुण्या फिक्या ठेव, त्या सरळ आडव्या नसून बाजूच्या शिवणींकडे जाताना तिरक्या होतात. शेवटच्या दोन बटणांच्या मधे पट्टीला एक बाक. कोपराच्या आतून चुण्या पंख्यासारख्या पसरतात. ज्या हाताने मोबाइल धरला आहे तिथे जास्त, दुसऱ्या हाताला कमी. बाहीच्या घडीच्या वर कापड थोडं फुगलेलं. कॉलर, खांद्यांचा जोड आणि खिसा जवळपास सपाट. ऊन खिशाच्या बाजूने, सूर्य बराच खाली आलेला. चुणीची सावली काळी नको, आकाशाचा निळसर-करडा रंग तिच्यात मिसळलेला असू दे. मूळ फोटोत असलेली कुठलीही चुणी पुसू नकोस."

शर्ट मळकट झाला होता तो सावलीच्या रंगामुळे. उन्हापासून वळलेल्या भागावर आकाशाचा उजेड पडतो, तिथे काळा रंग ओतला की मोतिया कापड धुतलेलं वाटत नाही.

धोबीघाट
मुंबई-गोवा हायवेवरून आला असेल तर पोटाच्या चुण्या फिक्या कशा? खड्ड्यांचा हिशेब कुठे गेला? 😂

सुई_दोरा
रावसाहेब, चिठ्ठी छान आहे, पण लांब आहे. आणि सीट बेल्ट कशाला? हा माणूस भाट्यालाच राहतो.

रीटच_राव
तर मग बेल्ट काढा, झोळीचा पट्टा घाला. मुद्दा असा की दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या होऊ नयेत यासाठी एकतरी एकतर्फी कारण हवं. माणूस दिवसभर काहीतरी एका बाजूनेच करत असतो. लांबीबद्दल मान्य. पहिल्या फोटोला लांब लिहा. पुढच्यांना फक्त काय बदललं ते, आणि पहिला झालेला फोटो सोबत जोडा.

काजूवाडी
मी ग्राहकाच्या बाजूने बोलतो. ऑनलाइन लिननचा शर्ट मागवला होता, फोटोत कडक गुळगुळीत. घालून तासाभरात त्याची दशा झाली. माल खराब समजून परत पाठवायला निघालो होतो, बायकोने थांबवलं. तेव्हा चुण्या दाखवा, पण इतक्याही नका दाखवू की लोक म्हणतील, घातलेला शर्ट विकतात.

सुई_दोरा
हीच तर गोम आहे. मला तर मुळात हे एडिटचं पटत नाही. शर्ट त्या मुलाला सकाळी घालायला द्या, दोन तास रिक्षात, दुकानात, कुठेही फिरू दे, मग फोटो काढा. चुण्या आपोआप खऱ्या जागी पडतील. कागदावर लिहायची गरजच काय?

रीटच_राव
ते सर्वांत उत्तम, वादच नाही. सपाट शर्टाच्या फोटोवर चुण्या नव्याने घालणं हे कधीच पूर्ण पटेल असं होत नाही, कारण खाली कापड हललेलंच नसतं. बाजूची कड सरळ राहते, खालची कड सरळ राहते, बटणं एका ओळीत राहतात. आतल्या भागात चुण्या आणि बाहेरची रेषा इस्त्रीची. फसवणूक ओळखायची ही माझी पहिली जागा: आधी बाह्यरेषा बघतो.

पण भाट्येकरांचा खरा प्रश्न खऱ्या चुण्या एडिटमध्ये पुसल्या जाण्याचा आहे. घालून काढलेल्या फोटोलाही ती चिठ्ठी लागणारच, नाहीतर तो मुलगा सवयीने धुसर करणार.

कापूसकोंडा
आणखी एक. किनाऱ्यावरचा वारा. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, तो शर्ट एका बाजूने अंगाला चिकटवतो आणि दुसऱ्या बाजूने फुगवतो. ते वाऱ्याचे घोळ चुण्या नव्हेत, वारा थांबला की जातात. चिठ्ठीत दोन्ही वेगळे सांगावे लागतील. घोळ मोठा आणि मऊ, त्याच्यावर बसलेली चुणी बारीक आणि धारदार. नुसते घोळ ठेवून चुण्या काढल्या तरी शर्ट इस्त्रीचाच दिसतो, फक्त वाऱ्यात उडणारा इस्त्रीचा.

भाट्येकर
पोरांनो, आज केलं हे. भावाला सकाळपासून शर्ट घालून ठेवलं, दुकानात बसवलं, स्कूटरवरून नेलं, संध्याकाळी फोटो. चिठ्ठीत बेल्टच्या जागी झोळी, खिशाची बाजू वगैरे सगळं तसंच, आणि 'छाती-पोटावर सावलीचा थर धुसर करू नकोस' ही ओळ सर्वांत वर.

परत आलेला फोटो पाहिला. बाह्या अप्रतिम. पट्टीचा बाक आहे, सावली मळकट नाही. पोट अजून थोडं गुळगुळीत वाटतं, पण ऊन बाजूने आहे म्हणून ते तसंच असावं, की त्याने पुन्हा पुसलंय, हे मला कळत नाही.

रीटच_राव
मूळ फोटो शेजारी ठेवून पोटाचा भाग मोठा करून बघा. मूळमध्येही तितकंच फिकं असेल तर ऊन. मूळमध्ये बाजूच्या शिवणीपाशी तिरक्या चुण्या दिसत असतील आणि इकडे नसतील, तर त्याचा हात. मधल्या भागावरून ठरवू नका, शिवणीपाशी बघा.

भाट्येकर
शिवणीपाशी मूळमध्ये चार आहेत. इकडे एक.

सुई_दोरा
म्हणजे पुसल्याच.

धोबीघाट
तीन चुण्या पळवल्याबद्दल गुन्हा नोंदवा.

रीटच_राव
त्याला तेवढाच भाग कापून पाठवा, दोन चित्रं शेजारी शेजारी, आणि एकच वाक्य: 'ह्या तीन परत आण, बाकी काही हलवू नकोस.' पूर्ण चिठ्ठी पुन्हा पाठवलीत तर तो बाह्याही पुन्हा करायला घेईल.

वेंगुर्ल्याची_सुमन
घोवाचो फोटो काढलंय. काखेतून पाठीकडे जातात त्या चुण्या मस्त इल्यात. कुठे टाकू?

भाट्येकर
इथेच टाका सुमनताई. पाठीचा फोटो आमच्याकडे एकही नाहीये, आणि पुढच्या आठवड्यात पाठमोरेच काढायचे आहेत. सीटला टेकलेल्या पाठीवर वरच्या भागात चुण्या कमी आणि कमरेपाशी जास्त, असंच ना राव?

रीटच_राव
सीटला टेकून बसला असेल तर तसंच. वरचा भाग सपाट दाबला जातो, कमरेपाशी कापड गोळा होऊन घड्या पडतात. स्कूटरवर पुढे वाकून आला असेल तर मात्र पाठ ताणलेली असते, तिथे काय होतं हे मी नीट पाहिलेलं नाही. सुमनताईंचे यजमान कशाने आले ते विचारा आधी.

वेंगुर्ल्याची_सुमन
एसटीन. उभ्यान.